ई-बाईकची बॅटरी सात महिने पडून राहणार: किती चार्ज ठेवू, आणि मधे कोणी काय बघायचं?

पायडल_पुढे

कामासाठी सात महिने बाहेर असेन. घरी तीन गोष्टी नुसत्या पडून राहणार: ई-बाईकची काढता येणारी बॅटरी (३६ व्होल्ट, १३ अँपिअर-तास, लिथियम), एक जुना पण चांगला चालणारा फोन आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक. फोन आणि पॉवर बँक गेली तर वाईट वाटेल, पण बॅटरी गेली तर खिशाला मोठी कात्री बसेल.

बाईकच्या पुस्तिकेत "दीर्घकाळ वापर नसल्यास अर्धवट चार्ज ठेवावी, वेळोवेळी तपासावी" एवढंच लिहिलंय. अर्धवट म्हणजे किती आणि वेळोवेळी म्हणजे कधी, हे ज्याने लिहिलं त्यालाच ठाऊक. घराची किल्ली भाचीकडे असते. ती अधूनमधून येईल, पण बॅटरीतलं तिला काही कळत नाही आणि मलाही बेताचंच कळतं. साधा मल्टिमीटर आहे.

---

अण्णा_जुने

सोप्पं आहे. फुल चार्ज करून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा फुल करा. माझ्या स्कूटरची बॅटरी मी अशीच ठेवतो, चौथं वर्ष चालू आहे. अर्धवट ठेवली की बॅटरी बसते, हे मी स्वतः बघितलंय.

---

सोल्डरवाला

अण्णा, तुमच्या स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या चार जड बॅटऱ्या ओळीने आहेत का? असतील तर त्या लेड-ॲसिड आहेत आणि त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. लेड-ॲसिड अर्धवट चार्जवर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो पुढे निघत नाही. तिला भरलेलीच ठेवायची.

लिथियमचं बरोबर उलट. तिथे भरलेल्या अवस्थेत सेलचा व्होल्टेज ४.२ असतो, आणि त्या ताणाखाली आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू खराब होत राहतं. बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते, आणि भरलेली असेल तर लवकर होते. उष्णता असेल तर आणखी लवकर. म्हणून धागाकर्त्याने अण्णांचा सल्ला घेऊ नये आणि अण्णांनी या धाग्यावरचे बाकीचे सल्ले आपल्या स्कूटरला लावू नयेत.

---

अण्णा_जुने

चार आहेत, आणि जड तर विचारू नका. बरं, मग मी गप्प बसतो. (बसणार नाही, पण वाचतो.)

---

चार्जिंग_चालू

मी बरंच वाचलंय या विषयावर. लिथियमचा सोनेरी आकडा ४० टक्के. आणि ठेवायची फ्रिजमध्ये. थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात, त्यामुळे वर्षभरातही काही होत नाही. शिवाय महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणून पुन्हा भरायची, म्हणजे बॅटरीची "मेमरी" साफ होते.

---

सोल्डरवाला

४० चालेल. थंडीबद्दलही तत्त्व बरोबर आहे. पण मेमरीचा प्रकार जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा, लिथियममध्ये साफ करण्यासारखं काही नसतं. उलट पॅक शून्यावर नेणं हीच यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण "शून्य" दाखवल्यावर खाली फार थोडी जागा उरते. फ्रिजचं खाली बोलू.

आता मूळ प्रश्न. पायडल_पुढे, तुमचा पॅक ३६ व्होल्टचा म्हणजे आत दहा सेल ओळीने. पूर्ण भरला की ४२ व्होल्ट, अर्ध्यावर साधारण ३६.५ ते ३७.५, आणि ३० च्या आसपास बाईक बंद पडते. बॉशसारख्या कंपन्या साठवणीसाठी ३० ते ६० टक्के सांगतात आणि सहा महिन्यांनी तपासायला सांगतात. स्वतः घरी असाल तर त्या पट्ट्यात कुठेही ठेवा, फरक पडत नाही. पण तुम्ही सात महिने नाही आणि तपासणारी व्यक्ती नवखी आहे, म्हणून मी पट्ट्याच्या वरच्या टोकाला, ६० टक्क्यांवर ठेवीन. ४० ऐवजी ६० वर ठेवल्याने म्हातारपण किंचित लवकर येईल. पण पॅक खोल उतरला तर तो एका झटक्यात जाऊ शकतो.

हिशेब असा. सेल आपोआप महिन्याला एक-दोन टक्के उतरतात. आतल्या बीएमएसला, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की वीज तोडणाऱ्या सर्किटला, जागं राहायला थोडा प्रवाह लागतो. चांगल्या बीएमएसला तो ०.१ मिलीअँपच्या आसपास पुरतो, म्हणजे महिन्याला ७२ एमएएच, सात महिन्यांत जेमतेम चार टक्के. दोन्ही धरून ६० वर ठेवलेला पॅक तुम्ही याल तेव्हा चाळिशीत असायला हवा. म्हणजे सगळं नीट असेल तर मधे चार्ज करायची गरजच नाही. तपासायचं ते सगळं नीट आहे की नाही हे कळण्यासाठी.

नीट नसतं ते कधी? पॅक बाईकवरच लावून ठेवला आणि कंट्रोलर किंवा डिस्प्ले पाच मिलीअँप खात राहिला, तर रोज १२० एमएएच, महिन्याला ३.६ अँपिअर-तास. तुमच्या १३ मधला हा पावपेक्षा जास्त हिस्सा झाला. ६० टक्क्यांवर ठेवलेला पॅक दोन महिन्यांत तळाला. म्हणून पहिलं काम: पॅक बाईकवरून काढा.

---

मेघना_क

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, धागा पळवतेय असं वाटलं तर सांगा. जुना फोन मी घरात कॅमेरा म्हणून वापरते, कायम चार्जरला लावलेला. वर्षभराने मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं. म्हणजे तो वापरात होता, "पडून" नव्हता, मग असं का?

---

सोल्डरवाला

बॅटरीच्या दृष्टीने तो पडूनच होता. कायम १०० टक्क्यांवर आणि कायम गरम. आत वायू साठला आणि पाऊच फुगलं. तो फोन आता चार्ज करू नका, झाकण दाबून बसवू नका, बॅटरी स्वतः उपटू नका. चालू असेल तर बंद करा, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. पुढच्या फोनला ८० टक्क्यांवर थांबण्याची सेटिंग असेल तर ती लावा.

---

वाचनमात्र_नाही

तपासायचं कसं ते नीट सांगा की. "मीटर लावा" म्हणणं सोपं आहे. माझ्या मित्राने मीटरची एकच सळई एकाच वेळी पॅकच्या दोन्ही पट्ट्यांना टेकवली आणि तिचं टोक वितळलं.

---

सोल्डरवाला

योग्य मुद्दा. ई-बाईकचा पॅक शॉर्ट झाला तर क्षणात प्रचंड प्रवाह सोडतो. मीटर डीसी व्होल्टवर, ऑटो नसेल तर २०० च्या रेंजवर. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना हे आधी बघायचं, अँपिअरच्या भोकात असेल तर मीटरच शॉर्ट होतो. सळयांची टोकं टेपने गुंडाळून फक्त दोन-तीन मिलिमीटर धातू उघडा ठेवायचा. बाईकला जिथे पॅक जोडला जातो तिथल्या धन आणि ऋण पट्ट्यांवर मोजायचं. चार्जिंगच्या भोकावर बऱ्याच पॅकमध्ये चुकीचा किंवा शून्य आकडा येतो, त्याने घाबरू नका. आणि काही पॅक बाईकशी "बोलणं" झाल्याशिवाय पट्ट्यांवर व्होल्टेज देतच नाहीत. तसा असेल तर मीटर विसरा, पॅकवरचं बटण दाबून दिवे मोजा.

हात थरथरत असतील किंवा भाचीला भीती वाटत असेल तरीही दिव्यांवरच भागवा. अचूकता कमी मिळेल, पण मोठी गळती दिव्यांवरही कळते.

---

पायडल_पुढे

पट्ट्यांवर व्होल्टेज येतोय. पॅक काढून रात्रभर ठेवला आणि मोजला, ३५.२. डिस्प्लेवर मात्र पाचापैकी दोन खाने दाखवत होता, म्हणजे मला वाटलं ४० टक्के. आता ६० पर्यंत न्यायचं तर चार्जरवर टक्के कुठे दिसतात? फक्त लाल आणि हिरवा दिवा आहे.

---

सोल्डरवाला

खान्यांवर जाऊ नका, ते सरळ प्रमाणात नसतात. ३५.२ म्हणजे सेलमागे ३.५२, साधारण २० टक्के. ६० ला न्यायला ४० टक्के भरायचे, १३ चे ४० टक्के म्हणजे ५.२ अँपिअर-तास. चार्जरवर आउटपुट किती अँपिअर लिहिलंय? २ असेल तर २.६ तास, म्हणजे दोन तास छत्तीस मिनिटं. मोबाइलवर गजर लावा आणि घरातच थांबा. मधल्या पट्ट्यात चार्जर एकसारखा प्रवाह देतो, म्हणून हा साधा गुणाकार चालतो. ९० च्या वर चालला नसता.

काढल्या काढल्या मोजू नका. चार्जिंगमुळे व्होल्टेज फुगलेला दिसतो, दोन-तीन तासांनी खरा आकडा येतो. ३७.५ ते ३८ आला की झालं.

---

पायडल_पुढे

२ अँपिअरचाच आहे. तुमच्या हिशेबाने लावला, संध्याकाळी मोजलं: ३७.६. पॅकवर कागदी टेप लावून आकडा आणि तारीख लिहिलीये. ठेवायचा कुठे? कपाटाच्या वर जागा आहे.

---

सोल्डरवाला

वर नको, छताजवळ खोलीतली सगळी उष्णता जमते. खालच्या कप्प्यात, कोरड्या जागी, अंगावर कपडे-कागद न ठेवता. १० ते २० अंश सगळ्यात उत्तम, २५ पर्यंत काळजी नको. गाडीची डिकी आणि पत्र्याची खोली अजिबात नको.

---

चार्जिंग_चालू

मी वाचलेल्या तक्त्यात आहे: २५ अंशांना ४० टक्क्यांवर वर्षभर ठेवली तर ९६ टक्के क्षमता उरते, १०० टक्क्यांवर ठेवली तर ८०. ४० अंशांना हेच आकडे ८५ आणि ६५. मग फ्रिजला तुमचा विरोध का?

---

सोल्डरवाला

तो तक्ता जुन्या प्रकारच्या सेलवरचा आहे. आजचे चांगले सेल भरलेल्या अवस्थेत इतके पडत नाहीत. पण दिशा तीच, म्हणून तक्त्याशी भांडत नाही.

फ्रिजला विरोध ओलाव्यामुळे. थंड पॅक बाहेर काढला की हवेतलं पाणी त्याच्यावर, आणि पॅक हवाबंद नसेल तर आत बीएमएसच्या बोर्डावरही बसतं. तिथली गंज आणि गळती तुम्ही वाचवलेल्या दोन-चार टक्क्यांपेक्षा महाग पडेल. शिवाय कोणी थंडगार पॅक तसाच चार्जरला लावला आणि सेल शून्य अंशाखाली असले, तर आत धातुरूप लिथियम साचतं. ते नुकसान परत फिरत नाही.

---

चार्जिंग_चालू

झिप पिशवीत घालून, सोबत सिलिका जेल, आणि बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी न उघडता ठेवली तर? सुट्या सेलचे लोक असंच करतात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

---

सोल्डरवाला

सुट्या सेलला चालतं, मान्य. आख्ख्या पॅकला मी करणार नाही. तुम्ही करा आणि वर्षाने सांगा.

---

दुपारची_झोप

माझी दुरुस्तीची बाजू थोडी आहे म्हणून एक भर. पॅक फक्त वरच्या टोकाला बॅलन्स होतो, सगळे सेल तिथेच एका पातळीवर येतात. म्हणजे ४२ व्होल्टजवळ आल्यावरच बीएमएस पुढे गेलेल्या सेलचा थोडा प्रवाह जाळून बाकीच्यांना गाठायला वेळ देतं. सात महिने ६० वर ठेवलं तर सेल एकमेकांपासून सरकतात. काही स्वस्त बीएमएस स्वतःची वीज ओळीतल्या मोजक्याच सेलमधून घेतात, तेव्हा तर हमखास. म्हणून मी तीन महिन्यांतून एकदा फुल चार्ज करून पुन्हा उतरवायला सांगतो.

---

सोल्डरवाला

सरकतात हे खरं. उपाय मला पटत नाही. फुल केल्यावर उतरवणार कसं? बाईक चालवून. आणि चालवणारा घरी नाही. भाचीने फुल केली आणि तशीच राहिली तर आपण सुरुवातीलाच टाळलेली गोष्ट झाली. परत आल्यावर पहिल्यांदा पूर्ण चार्ज करून, दिवा हिरवा झाल्यावरही दोन-तीन तास चार्जरवर राहू द्यावी. सरकलेले सेल बहुतेक तेवढ्यात जुळतात.

---

दुपारची_झोप

बहुतेक. सरकणं जास्त असेल तर नाही जुळत, आणि तोवर बाईकची पल्ला कमी झाल्याची तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात. माझं मत कायम.

---

पायडल_पुढे

दोघांचंही वाचलं. भाचीवर फुल-उतरव टाकत नाही. तिच्यासाठी कागदावर हे लिहून ठेवलंय:

"पहिल्यांदा एका महिन्याने, मग दर दोन महिन्यांनी. मीटरवर आकडा बघ, टेपवर तारखेसह लिही, मला फोटो पाठव. ३५ च्या खाली असेल तर मला फोन कर, मी सांगेन तेवढा वेळच चार्जरला लाव, तेवढा वेळ घरात थांब. रात्री लावायचं नाही. पॅक गरम, फुगलेला किंवा वास येणारा वाटला तर काहीही लावू नकोस."

फोन ५५ टक्क्यांवर पूर्ण बंद करून, सिम काढून ठेवला. पॉवर बँकचे चारपैकी तीन दिवे होते, ती फोनला लावून दोनवर आणली. बरोबर?

---

सोल्डरवाला

कागद उत्तम. फोन ठीक. त्यात एवढंच की बंद केलेले काही फोनही हरवल्यास सापडावेत म्हणून थोडी वीज खात राहतात, ती सोय बंद करता येत असेल तर करा. दर तीन महिन्यांनी फोन चालू करून टक्के बघायला सांगा. ३० च्या खाली आला तर ५५ पर्यंत. पॉवर बँक दोन दिव्यांवर बरोबर, तिच्यात केबल अडकवून ठेवू नका.

---

पायडल_पुढे

महिना झाला. भाचीचा फोटो आला: ३६.६. एक व्होल्ट उतरला! मोजण्यात चूक नको म्हणून तिने तीनदा मोजलं. पॅक थंड आहे, आकार नेहमीसारखा. बाईकवर नाही, कपाटात खालच्या कप्प्यातच आहे. सेल गेला का?

---

चार्जिंग_चालू

गेला. एक सेल आतून शॉर्ट होतोय. पॅक बदलायची तयारी ठेवा.

---

सोल्डरवाला

घाई नको. ३७.६ वरून ३६.६ म्हणजे साधारण दहा टक्के, १.३ अँपिअर-तास. एक-दोन टक्के सेलचे आपोआप उतरणे वजा करा. उरलेले महिन्याच्या ७२० तासांत गेले, म्हणजे दीड मिलीअँपच्या आसपास काहीतरी सतत खातंय. बीएमएसची झोपेतली भूक एवढी नसते. सेलमध्ये दोष असू शकतो, पण त्याआधी सोप्या गोष्टी बघा. पॅकवर किल्ली आहे का? फोन चार्ज करायला यूएसबीचं भोक आहे का?

---

पायडल_पुढे

दोन्ही आहे. किल्लीच्या तीन जागा आहेत: कुलूप-चालू, कुलूप-बंद, उघडं. किल्ली कुठल्याही जागी काढता येते.

---

सोल्डरवाला

तिला किल्ली कुठल्या जागी आहे ते बघायला सांगा, आणि यूएसबीच्या भोकात कुठलीही केबल लावून फोन चार्ज होतो का तेही.

---

पायडल_पुढे

किल्ली "चालू"वर होती आणि फोन चार्ज व्हायला लागला! आता "बंद"वर फिरवली, चार्जिंग थांबलं. तिने विचारलंय की आता लगेच चार्ज करायचं का.

---

सोल्डरवाला

नाही. ३६.६ म्हणजे अजून पन्नासच्या आसपास आहे. मूळ ६० ठेवण्याचा उपयोग इथे झाला. यूएसबीसाठी व्होल्टेज उतरवणारं सर्किट जागं होतं, तेच खात असणार. पण हे अजून सिद्ध झालेलं नाही. पुढची तपासणी दोन महिन्यांनी नको, एका महिन्यानेच करायला सांगा. ३६.४ ते ३६.६ मध्ये आला तर किल्लीच कारण. ३५.६ वगैरे आला तर चार्जिंग_चालू यांचं म्हणणं खरं असू शकतं, आणि मग तो पॅक घरात चार्ज न करता दुरुस्तीवाल्याकडे उघडून प्रत्येक सेल मोजून घ्यायचा.

---

मेघना_क

आणि समजा कोणी बघितलंच नाही आणि तो पूर्ण उतरला असता तर? चार्जरला लावून परत आला असता ना?

---

दुपारची_झोप

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पॅकची हीच कथा. बीएमएसने तोडलेलं असतं, बाहेर मीटरवर शून्य, चार्जरचा दिवा लावल्या लावल्या हिरवा. लोक मग बीएमएस ओलांडून थेट सेलना वीज द्यायचे व्हिडिओ बघतात. ते करू नका. सेल दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा भरताना ते नको तिथे बसून आतून शॉर्ट करू शकतं. असा सेल चार्ज झाल्यासारखा दिसतो, पेट मात्र नंतर घेऊ शकतो. अडीचच्या वर असेल तर मी अगदी कमी प्रवाहाने, समोर बसून वर आणतो. दोनच्या खाली सरळ भंगार. मधल्याचं काय करायचं यावर माझं आणि माझ्या भागीदाराचं रोज भांडण होतं.

---

पायडल_पुढे

दुसरा फोटो: ३६.५. फोन ५३ टक्के. पॉवर बँक दोन दिवे.

---

सोल्डरवाला

मग किल्लीच. आता दर दोन महिन्यांनी पुरे.

---

वाचनमात्र_नाही

माझा पॅक एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा आहे, ३६ व्होल्टचाच. तुमचे आकडे लावले तर ३९.४ येतंय, म्हणजे ७५-८० टक्के?

---

सोल्डरवाला

नाही, हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. तुमच्यात बहुधा बारा सेल आहेत, सेलमागे ३.२८. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे ३.२८ वरून ४० की ६० हे सांगता येत नाही. पूर्ण भरा, मग ओळखीच्या रस्त्यावर निम्मा पल्ला संपवा आणि तिथे थांबा. बारा आहेत याची खात्री चार्जरवरून करा, त्यावर आउटपुट ४३.८ लिहिलेलं असेल.

---

वाचनमात्र_नाही

चार्जरवर ४३.८ आहे. निम्मा पल्ला उद्या संपवतो.

---

अण्णा_जुने

माझ्या चार जड बॅटऱ्यांपैकी एक १२.३ दाखवतेय, बाकीच्या १२.७. यासाठी नवीन धागा काढू का इथेच विचारू?